चूक दिसते एका पोर्टवर, असते भलतीकडेच

«कट-थ्रू स्विचच्या पोर्टवर सीआरसी एरर वाढतायत. केबल दोनदा बदलली, फरक शून्य.»

केबल निर्दोष असणार. सीआरसी, म्हणजे फ्रेम वाटेत बिघडली का हे तपासायचा आकडा, फ्रेमच्या शेवटच्या ४ बाइटमध्ये असतो, आणि कट-थ्रू स्विच पत्ता वाचताच फ्रेम पुढे ढकलायला लागतो. खराबी कळते तेव्हा फ्रेम बरीचशी निघून गेलेली असते, म्हणून एरर पुढच्या पोर्टांवरही मोजली जाते. स्टोअर-अँड-फॉरवर्ड स्विच आधी अख्खी फ्रेम साठवतो आणि खराब निघाली तर तिथेच टाकून देतो, म्हणून त्याच्याकडे एरर फ्रेम बिघडली त्या दुव्यावरच दिसते.

आमच्याकडे नागपुरात, परसोडीच्या एका सर्व्हर रूममध्ये असंच झालं. एरर स्टोरेजच्या पोर्टवर, आम्ही तिथलीच केबल बदलत बसलो. शेवटी एकेक स्विच मागे गेलो. ज्या पोर्टवर इनपुट सीआरसी वाढतोय पण पलीकडचं यंत्र आउटपुट एरर दाखवत नाही, दोष त्याच दुव्यात. दोन स्विच मागे फायबरच्या टोकावर धूळ निघाली. पुसली, एरर थांबल्या.

वेगाचं म्हणाल तर १५०० बाइट साठवायला १ गिगाबिटवर १२ मायक्रोसेकंद लागतात, १० गिगाबिटवर जेमतेम १.२. आणि १ गिगाबिटवरून १० वर जाताना कट-थ्रू स्विचही फ्रेम आधी साठवतोच, नाहीतर मध्येच बाइट संपतील.