आपलं घर, इंदूर: घरखर्चाच्या वाटणीबद्दल

मिलिंद: सगळ्यांनी निवांत वाचा. तीन महिन्यांची वही काढली. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज, नर्मदेच्या नळाचं बिल, बाई, आई-बाबांची औषधं, शिवाय दिवाळी आणि घरपट्टीचा महिन्याचा वाटा धरून 54,000 होतात. आजवर आपण चौघे कमावते सारखे 13,500 देत आलो. त्यात वहिनींच्या 25,000 पगारातले निम्म्याहून जास्त जातात आणि दादाच्या 80,000 मधले जेमतेम सहावा हिस्सा. हे मला बरोबर वाटत नाही.

हातात येणारी रक्कम धरली तर बाबांचं पेन्शन 30,000, दादा 80,000, वहिनी 25,000, मी 45,000. एकूण 1,80,000. म्हणजे प्रत्येकाने रुपयामागे 30 पैसे. बाबा 9,000, दादा 24,000, वहिनी 7,500, आणि मी तेच 13,500. माझा आकडा बदलत नाही, म्हणून मीच बोलतोय.

दादा: अरे, माझे 80,000 दर महिन्याला कुठे असतात? लग्नसराईत दुकान चालतं, पितृपक्षात ग्राहक फिरकत नाही.

मिलिंद: म्हणूनच तुझी विक्री धरली नाही, दादा. माल, भाडं, नोकराचा पगार देऊन वर्षभरात तू घरासाठी 9,60,000 काढलेस, त्याला 12 ने भागलं. मंदीच्या महिन्यातही तू 24,000 च द्यायचे. चांगल्या महिन्यात थोडं बाजूला ठेवलंस की ओढाताण होणार नाही. दर एप्रिलला सरासरी पुन्हा काढू.

दादा: आणि गाडीचा हप्ता? तो वजा करून धर.

मिलिंद: तो नाही धरता येणार. गाडी दुकानासाठी तू घेतलीस. उद्या मी महागडा मोबाईल हप्त्यावर घेतला तर माझा वाटा कमी होईल आणि तो वहिनींवर पडेल. सगळ्यांनी राहायच्या घराचं कर्ज असतं तर ते 54,000 मध्येच आलं असतं.

वहिनी: भावजी, एक विचारू? शाळेतून आल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक मीच करते. तो कुठे धरलाय?

मिलिंद: नाही धरला, वहिनी, आणि ते चुकलंच. रुपयात त्याची किंमत लावायला मन धजत नाही. पण संध्याकाळी पोळ्यांना बाई लावू. तिचे 3,000 धरून खर्च 57,000 होईल, म्हणजे रुपयामागे साधारण 32 पैसे. दादाला 25,333, मला 14,250, बाबांना 9,500, तुम्हाला 7,917.

आई: पोळ्यांची बाई लावा. माझीही सकाळची कंबर मोकळी होईल, तिला दोन्ही वेळचं विचारा.

बाबा: मला मान्य. पैसे 5 तारखेपर्यंत घरखर्चाच्या खात्यात टाका. वही मी लिहीन.

दादा: ठीक आहे. 25,333 टाकतो. पण वरच्या खोलीतल्या एसीला सबमीटर लाव, मिलिंद. ते बिल तुझं एकट्याचं.

मिलिंद: रास्त आहे. रविवारी वायरमनला बोलावतो.