अँटिनॉमी: विरोधाभास की विप्रतिषेध?

सातरस्ता: एम.ए. तत्त्वज्ञानाच्या टिपणांचा अनुवाद हातात आहे. कांटच्या ‘अँटिनॉमी’ला मी सगळीकडे ‘विरोधाभास’ लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ते पहिल्या पानापासून खोडून वर ‘विप्रतिषेध’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘विरोधाभास हा अलंकार आहे’. आपल्या सोलापुरात वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही घरांतली मुलं असतात. त्यांना ‘विप्रतिषेध’ झेपणार का? प्रकरण जगाच्या आरंभाचं आहे. डाव्या पानावर ‘जगाला आरंभ आहे’ हे सिद्ध केलंय, समोरच्या उजव्या पानावर ‘आरंभ नाही’ हेही तितक्याच ठामपणे सिद्ध केलंय.

शेंगाचटणी: विरोधाभासच ठेवा की ओ. लोक वापरतात तो शब्द खरा. ‘विप्रतिषेध’ ऐकून मुलं वर्गातनं उठून जातील. आणि मुळात हा वाद आता उरलाय कुठं? महास्फोट 1380 कोटी वर्षांपूर्वी झाला. म्हणजे आरंभ आहे. डावं पान जिंकलं, उजवं फाडून टाका.

खडूफळा: शेंगाचटणी, घाई होतेय. 1380 कोटी वर्षं हा आकडा विश्व अतिशय तप्त आणि दाट होतं तिथपासूनचा. त्याच्याआधी काही होतं की नव्हतं, हे तो आकडा सांगत नाही. आणि कांटच्या वादात ‘आरंभ’ या शब्दाला नेमका अर्थ आहे: जी वस्तू आरंभते तिच्याआधी, ती नसलेला काळ असतो. हा अर्थ सोडला की उजवं पान कळतच नाही.

सातरस्ता, शब्द ठरवण्याआधी दोन्ही सिद्धता कशा चालतात ते बघू, कारण शब्द तिथेच अडतो.

डावीकडे: समजा, जगाला आरंभ नाही. मग या क्षणापर्यंत अनंत अवस्था एकीमागून एक होऊन गेल्या असल्या पाहिजेत. पण अनंत मालिका म्हणजे एकेक पाऊल टाकत जी कधीच पुरी होत नाही ती. इथे तर ती पुरी झाली, कारण आजचा दिवस उजाडलाय. म्हणून आरंभ हवा.

उजवीकडे: समजा, आरंभ आहे. मग त्याआधी जग नसलेला, म्हणजे निव्वळ रिकामा काळ होता. रिकाम्या काळातला एक क्षण दुसऱ्यासारखाच. जग ‘आत्ता’ सुरू व्हावं, ‘मघाशी’ नको, असा फरक करणारं त्यात काहीच नाही. तेव्हा रिकाम्या काळात काही सुरू होऊच शकत नाही. जगातल्या गोष्टींना आरंभ असेल, जगाला नाही.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. दोघांपैकी कुणीच आपली बाजू थेट उभी करत नाही. दोघंही समोरच्याची पाडतात आणि ‘ती पडली म्हणजे माझी उभी’ म्हणतात. हे कधी चालतं? दोनपैकी एक खरी असलीच पाहिजे, असं आधी धरलं तर.

वकीलपत्र: आमच्याकडे हा प्रकार नेहमीचा. सारख्याच संख्येच्या दोन खंडपीठांचे परस्परविरोधी निवाडे आले, की प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवतात. त्याला आम्ही ‘परस्परविरोधी निवाडे’ म्हणतो. अर्जात ‘विप्रतिषेध’ लिहिला तर शिरस्तेदार परत करतील. टिपणं कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत ना?

सातरस्ता: नाही काका, तत्त्वज्ञानाच्या.

खडूफळा: काका चुकून बरोबर जागी आलेत. ग्रीकमध्ये ‘नोमोस’ म्हणजे कायदा, आणि हा शब्द मुळात दोन कायद्यांच्या भांडणासाठीच वापरत. कांटनेही आपल्या 1781च्या ग्रंथात बुद्धीचं न्यायालय भरवलंय. फरक इतकाच, की इथे दोन्ही निवाडे त्याच बुद्धीचे आणि वर मोठं पीठ नाही. स्वतःच्या निवाड्यांची तपासणी तिलाच करावी लागते.

‘विप्रतिषेध’ही कायद्याचाच शब्द आहे, फक्त व्याकरणाच्या. पाणिनीचं सूत्र: विप्रतिषेधे परं कार्यम्. दोन सारख्या बळाचे नियम एकाच जागी लागू पडले, तर नंतरचा लावा. ‘वृक्ष’ला ‘भ्याम्’ लागताना ‘अ’चा ‘आ’ होतो, वृक्षाभ्याम्. ‘सु’ लागताना ‘ए’ होतो, वृक्षेषु. ‘भ्यस्’ लागताना दोन्ही नियम एकदमच हक्क सांगतात. नंतरचा जिंकतो, म्हणून वृक्षेभ्यः. बाईंनी शब्द उगीच दिलेला नाही.

अनुस्वार: मग बाईंचंच चुकतंय! पाणिनीकडे विप्रतिषेध सुटतो, नंतरचा नियम जिंकतो. कांटकडे उजवं पान नंतर छापलंय म्हणून ते जिंकतं का? तिथे दोघंही हरतात. जिंकणाऱ्याचा शब्द हरणाऱ्यांना कशाला? न्यायदर्शनातला ‘सत्प्रतिपक्ष’ घ्या. ‘शब्द नित्य आहे’ आणि ‘शब्द अनित्य आहे’, दोन्हींना हेतू देणारी जोडी तर्कसंग्रहात दिलेलीच आहे. पिढ्यानपिढ्या शिकवलेला शब्द आहे तो. परभाषेच्या ओझ्याने वाकायची गरज नाही.

धोटा: माझा शब्दांचा अभ्यास नाही, पण डाव्या पानात एक गाठ सुटलेली दिसते. मागावरचा तागा धरा. एक टोक हातात आहे, दुसरं टोक नाहीच. ‘हा तागा विणून झाला’ म्हटलं तर खोटं, कारण धोट्याचा पहिला फेरा झालाच नाही. पण ‘असा तागा आहे’ म्हटलं तर काय बिघडलं? उणे तीन, उणे दोन, उणे एक. शेवट आहे, सुरुवात नाही, आणि कुठं काही अडत नाही. खडूफळा म्हणतात की अनंत पावलं पुरी होत नाहीत. बरोबर, पहिल्या पावलापासून निघालात तर. इथं पहिलं पाऊलच नाही, तर निघालं कोण?

खडूफळा: ही अडचण खरी आहे. बर्ट्रांड रसेलनेही 1914मध्ये जवळपास हेच म्हटलं: अनंत मालिकेला एका बाजूला शेवट असायला हरकत नाही. कांटच्या बाजूने इतकंच म्हणता येईल, की काळ हा पसरून ठेवलेला तागा नाही. उणे संख्या एकदम मांडलेल्या असतात, दिवस मात्र एकेक करून येतात आणि जातात. तुमच्या मागाच्या भाषेत, काळ ‘आहे’ नाही, ‘विणला जातोय’. हा फरक इतका भार पेलतो का, यावर आजही एकमत नाही. मला स्वतःला डावं पान उजव्यापेक्षा कच्चं वाटतं.

अनुस्वार, ‘सत्प्रतिपक्ष’ची अडचण अशी, की तो हेतूचा दोष आहे. दोन हेतू एकमेकांना थोपवून धरतात, पुढे एकात खोट सापडली की दुसरा मोकळा. कांट म्हणतो, खोट कुठल्याच हेतूत नाही, ज्याच्याबद्दल बोलतोय त्यात आहे. त्याचं उदाहरण वासाचं आहे. ‘प्रत्येक वस्तूला चांगला वास येतो किंवा चांगला नसलेला वास येतो.’ एक खोटं म्हणून दुसरं खरं मानाल, तर फसाल. जिला वासच नाही अशा वस्तूबद्दल दोन्ही खोटी.

गंमत म्हणजे तर्कसंग्रहातही वासाचंच उदाहरण आहे, पण दुसऱ्या दोषाखाली: आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, तळ्यातल्या कमळासारखं. हेतू ठीक, दृष्टांत ठीक, पण कमळच नाही. हा आश्रयासिद्ध. कांटचं निदान या घराच्या जास्त जवळ जातं. ‘संपूर्ण जग’ ही वस्तू म्हणून आपल्यापुढे कधीच येत नाही. कुठल्याही घटनेपासून तिच्या आधीच्या घटनेकडे जाता येतं, तिथून आणखी मागे. ‘थांब, इथे संपलं’ असं कुठेच म्हणता येत नाही. पण त्यावरून ‘अनंत मागे आहे, सगळं पडून आहे’ असंही म्हणता येत नाही. मागे जाण्याचा नियम हाती असतो, मागचं सगळं नसतं. बुद्धी मात्र सगळं मागते, आणि मागणीलाच वस्तू समजून तिची लांबी मोजायला बसते.

शेंगाचटणी: म्हणजे भांडण खरं नव्हतंच? नुसतं दिसत होतं? मग विरोध-आभास! मी काय वेगळं म्हणत होतो?

खडूफळा: तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. दोन्ही बाजू खोट्या ठरल्या की विरोध आभासच ठरतो. पण तो निकाल झाला. टिपणाच्या मथळ्यात निकाल लिहिला, तर विद्यार्थी दोन्ही सिद्धता वाचणारच नाही, आधीच म्हणेल ‘दिसतं तसं नाही’. गाठ घट्ट बसल्याशिवाय सोडवण्यात अर्थ नाही. कांटने 1798मध्ये तत्त्वज्ञ गार्वेला लिहिलेल्या पत्रात, आपल्याला झोपेतून जागं केलं ते याच गाठीने, असं म्हटलंय.

सातरस्ता: मग ‘आश्रयासिद्ध’ लिहू?

खडूफळा: नको. तोही निकालच. शिवाय आकाशकमळ मुळीच नसतं, जगातल्या वस्तू मात्र आहेत, नाही ते फक्त त्यांचं ‘एकूण’. उपमा तिथे तुटते.

अनुस्वार: आपल्याकडे प्रश्न आधीच मिटलाय. संसार अनादी. बीज आधी की अंकुर आधी, विचारायचंच नाही. ब्रह्मसूत्रातही ‘अनादित्वात्’ म्हणून उत्तर आहे.

खडूफळा: ते उत्तर उजव्या पानाचं झालं. तिथे प्रश्न वेगळा होता: लोकांची सुखदुःखं विषम का, आणि सृष्टीआधी कर्म कुठून आलं. दोन्ही पानांना नकार देणारं आपल्याकडे शोधायचं, तर बुद्धाकडे जा. जग शाश्वत की अशाश्वत, सांत की अनंत, हे मालुंक्यपुत्त या शिष्याने विचारलं तेव्हा बुद्धाने उत्तरच दिलं नाही. पण त्याचं कारण वेगळं. विषारी बाण लागलेल्याने बाण कुणी मारला हे विचारत बसू नये, आधी तो काढू द्यावा. कांट बाण काढत नाही, प्रश्न कुठे बिघडला ते दाखवतो.

वकीलपत्र: ‘अनादी’ की ‘अनादि’? मघापासून सगळे दीर्घ लिहिताहेत.

अनुस्वार: सुटा शब्द मराठीत दीर्घ, समासात ऱ्हस्व. अनादी, पण अनादिकाल.

शेंगाचटणी: संस्कृत शब्दाला मराठीत दीर्घ करायचं आणि मग आम्हाला शुद्ध बोला म्हणायचं. भारी आहे.

अनुस्वार: नियम आहे तो.

धोटा: खडूफळा, उजव्या पानातही गाठ सुटलेली आहे का? रिकामा काळ सारखाच असतो म्हणून त्यात काही सुरू होत नाही, हे ठीक. पण काळच जगाबरोबर सुरू झाला असं म्हटलं तर ‘आधी’ हा शब्दच उरत नाही. मग उजवं पान कशावर उभं आहे?

खडूफळा: ‘आरंभ’च्या त्या व्याख्येवर. ती मानली नाही तर पान पडतं. ऑगस्टिननेही काळ सृष्टीबरोबरच झाला असं म्हटलंय. पण मग ‘जगाला आरंभ आहे’ या वाक्याचा अर्थ काय उरला, ते तुम्ही सांगा. ‘आधी’ नसलेला आरंभ.

सातरस्ता: मंडळी, टिपणं सोमवारी छपाईला जाताहेत. तूर्त मथळ्यात ‘अँटिनॉमी’च ठेवतोय आणि खाली एका ओळीत ‘विप्रतिषेध’. बाईंना अजून सांगितलेलं नाही.

अनुस्वार: ‘अँ’वर चंद्रबिंदू नीट येतोय का छापताना, तेवढं बघा.