हार्डडिस्क बिटलॉकरची की मागते, जुना कॉम्प्युटर दुकानात देऊन टाकलाय

अमळनेर स्टुडिओ: लग्नांचे फोटो असलेली बाहेरची हार्डडिस्क नव्या कॉम्प्युटरला लावली तर पासवर्ड मागते. तो आठवत नाही, म्हणून 48 अंकी रिकव्हरी की मागते. जुन्यावर काही न विचारता उघडायची. तो एक्स्चेंजला दिला, जळगावच्या दुकानात आहे. काय करू?

रावेरकर: भाऊ, टेन्शन नको. account.microsoft.com/devices/recoverykey वर लॉगिन करा, की तिथे असतेच. बायोस अपडेटनंतर माझा लॅपटॉप अडकला होता, तिथूनच मिळाली.

धुळेकर: फॉरमॅट मारा आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. फोटो निघतात.

भुसावळ रिपेअर: फॉरमॅट अजिबात करू नका! डिस्कवरचा सगळा डेटा कुलूपबंद आहे. सॉफ्टवेअरला नुसता कचरा दिसेल, आणि किल्लीने उघडायची सोयही फॉरमॅटमध्ये पुसली जाऊ शकते.

रावेरकर भाऊ, तुमची केस लॅपटॉपच्या आतल्या डिस्कची. बाहेरच्या डिस्कची की खात्यात जाते ती लॉक करताना तसं निवडलं असेल तरच. तरी बघाच, स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली 8 अक्षरं जुळली पाहिजेत. एखाद्या पेनड्राइव्हवर BitLocker Recovery Key नावाची टेक्स्ट फाइलही शोधा.

पण त्याआधी दुकानाला फोन करा: विंडोज टाकू नका म्हणावं. जुन्यावर ऑटो-अनलॉक चालू होतं, म्हणून ती विचारत नव्हती. ती सोय त्या विंडोजमध्येच आहे, विंडोज पुसलं की गेली. तिथे तुमच्याच नेहमीच्या लॉगिनने डिस्क उघडा, कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून चालवा आणि डिस्कचं अक्षर बघून टाका:

```
manage-bde -protectors -get E:
```

Numerical Password खालचे 48 अंक म्हणजेच की. सहा-सहाचे आठ गट आहेत, प्रत्येकाला 11 ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे उतरवताना अंक चुकला तर गट तपासता येतो.

धुळेकर: मान्य, फॉरमॅटचं चुकलं. पण उघडली की बिटलॉकर काढूनच टाका. छोट्या स्टुडिओला ही कटकट कशाला?

शिरपूरची ताई: दादा, ते फोटो गिऱ्हाइकांच्या घरचे आहेत. डिस्क एसटीत राहिली तर? लॉक राहू द्या, की कागदावर छापून कपाटात ठेवा.

धुळेकर: कागद हरवला की परत हेच. त्यापेक्षा दुसऱ्या डिस्कवर कॉपी ठेवा आणि दोन्ही उघड्या ठेवा.

शिरपूरची ताई: कॉपी हवीच, पण तीही लॉक करूनच.

अमळनेर स्टुडिओ: दुकानदार म्हणतो विंडोज अजून टाकलेलं नाही, डिस्क घेऊन या. निघतोय. खात्यात पाहिलं, फक्त जुन्या लॅपटॉपची की आहे, आयडी जुळत नाही.

भुसावळ रिपेअर: तिथेच आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला घ्या, कमांड त्यासोबत चालते. लॉक ठेवायचं की काढायचं ते घरी आल्यावर ठरवा.