दुःखातली पहिली दिवाळी: दारात काय ठेवलंत, काय काढलंत?

मृण्मयी_क: श्रावणात सासरे गेले. यंदा दिवाळी करायची नाही हे ठरलंय, पण सातवीतली लेक विचारते, "कंदीलसुद्धा नाही?" तुमच्याकडे पहिल्या वर्षी काय केलंत? फक्त सजावटीचंच लिहा.

सांगलीची_आजी: आमचे हे गेले त्या वर्षी झेंडूचं तोरण नाही, रांगोळीत रंग नाहीत, लाईटच्या माळा माळ्यावरून काढल्याच नाहीत. उंबऱ्याशी पांढऱ्या रांगोळीची बोटभर रेघ आणि दोन पणत्या, बस्स. धनत्रयोदशीला मात्र कणकेचा दिवा करून वात दक्षिणेकडे केली. तो यमाचा दिवा, एरवी त्या दिशेला दिवा लावत नाहीत. त्या दिवाळीत मनापासून केलं ते तेवढंच. फराळ घरात केला नाही. जावेने आणि शेजारणींनी डबे आणून दिले.

विनू७७: सुतक वर्षभर असतं ना? मग दिवा चालतो का?

सांगलीची_आजी: नाही रे बाळा, सुतक दहा दिवसांचं, ते केव्हाच फिटलं. वर्षभर सण न करणं ही घराघराची रीत. काही घरांत पहिला सण उरकला की पुढचे करतात.

कोकणी_माणूस: आमच्याकडे ऐन सुतकात चतुर्थी आली. मखर बांधलेलं तसंच राहिलं. पूजा दुसऱ्या गोत्रातल्या शेजाऱ्याने केली, आरतीला झांजा नाहीत. काही वाड्यांत त्या वर्षी गणपती आणतच नाहीत.

मृण्मयी_क: दादा, मी दिवाळीचं विचारतेय. पण मखराचं वाचून बरं वाटलं.

ठाणेकर_सुहास: आमच्या सोसायटीत वरपासून खालपर्यंत सगळ्या गॅलऱ्यांना एकच माळ असते. आईच्या वर्षी आमचा मजला अंधारा ठेवला, तर लिफ्टमध्ये जो भेटेल तो विचारायचा आणि बाबांना रोज नव्याने सांगावं लागायचं. शेवटी वायरमनकडून माळ आमच्या गॅलरीवरूनही नेली, पण दिवे आतून दिसू नयेत म्हणून पडदा ओढून घेतला. कंदील पांढऱ्या घोटीव कागदाचा, शेपट्या न लावता, दाराऐवजी आत स्वयंपाकघराच्या खिडकीत. मुलगा त्यावर खूश होता.

अदिती_आर: मला हे पटत नाही. माझे बाबा दरवर्षी स्वतः काड्या तासून कंदील करायचे. तो न लावणं म्हणजे त्यांनाच काढून टाकणं. मी लावला. काकू अजून बोलत नाहीत, भाऊ म्हणतो आईला विचारायला हवं होतं. पाडव्याला ओवाळणीच्या वेळी आई आत जाऊन बसली, तेव्हा त्याचं म्हणणं खरंही वाटलं.

मृण्मयी_क: सासूबाईंना आज विचारलं. म्हणाल्या, "पोरीला कर म्हणावं, पण दारात नको, देवघराजवळ." आता कागद पांढरा घ्यावा की फिका पिवळा, यावर मायलेकींचं वाजलंय.