महिनाभराचा ताप : टीबीचा कोर्स सुरू करून बघावा का?

चिकोडीचा भाचा
माझे मामा, वय 46, चिकोडी तालुक्यातले शेतकरी. महिना झाला, रोज संध्याकाळी 101-102 ताप चढतो आणि पहाटे घामाने बनियन भिजते. विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉईडची इंजेक्शनं झाली, फरक नाही. मलेरिया, डेंग्यू निगेटिव्ह, छातीचा एक्स-रे साफ. आता डॉक्टर म्हणतात, टीबीचा कोर्स सुरू करू, ताप उतरला तर टीबीच समजायचा. करावं का?

निपाणीकर
बिनधास्त करा. माझ्या थोरल्या भावाला असाच ताप होता, सगळे रिपोर्ट नॉर्मल. कोर्स सुरू केला आणि दहा-बारा दिवसांत ताप गेला. आपल्याकडे महिनाभराचा ताप म्हटला की पहिला संशय टीबीचाच. बेळगाव-मिरजेच्या फेऱ्या मारून दहा टेस्ट करण्यापेक्षा औषध पोटात गेलेलं बरं.

शहापूर गल्ली
प्लेटलेट किती आहेत? आमच्या शेजारच्यांना पपईच्या पानांचा रस दिला होता, दोन दिवसांत वाढल्या.

चिकोडीचा भाचा
प्लेटलेट नॉर्मल आहेत ओ. डेंग्यू नाही. डेंग्यूचा ताप महिनाभर कुठे राहतो?

फिजिशियन, बेळगाव
निपाणीकरांचं अर्धं बरोबर आहे. अशा तापात आपल्या भागात टीबी खरंच वरच्या क्रमांकावर असतो, आणि तो छातीत नसून गाठींत, मणक्यात किंवा पोटात असला तर एक्स-रे साफच येतो. पण 'औषधाने उतरला म्हणजे टीबी' हे मला मान्य नाही. त्या कोर्समधलं रिफॅम्पिसिन इतरही जंतूंवर चालतं.

माझ्याकडे हुक्केरी भागातला एक शेळीपालक आला होता. ताप, घाम, उजव्या कुल्ह्यात कळ, बसून उठताना कंबर धरायचा. आधी एका ठिकाणी टीबीचा कोर्स सुरू झालेला. पहिले तीन आठवडे ताप उतरला, घरचे खूश. मग कावीळ दिसली म्हणून गोळ्या थांबवल्या आणि महिन्याभरात ताप परत आला. टीबीने डोकं वर काढलं असंच सगळ्यांना वाटलं. मी विचारलं, शेळ्या कधी व्याल्या? तर म्हणाला, त्या हंगामात तीन शेळ्या गाभडल्या होत्या आणि अडलेली करडं त्यानेच उघड्या हातांनी ओढून काढली होती. ब्रुसेला हा जनावरांच्या जारेतून आणि कच्च्या दुधातून माणसाला लागणारा जंतू, रक्तात त्याची ट्यूब टेस्ट 1:640 म्हणजे चांगलीच चढलेली आली. कल्चरमध्येही तोच जंतू वाढला. एमआरआयमध्ये कुल्ह्याचा सांधा सुजलेला होता, म्हणून डॉक्सीसायक्लिन तीन महिने दिलं आणि सुरुवातीला त्याच्यासोबत इंजेक्शनं. रिफॅम्पिसिनने हा जंतू दबतो, एकट्याने मरत नाही. म्हणून ताप उतरला होता आणि म्हणूनच परत आला.

भाचेसाहेब, मामांकडे जनावरं आहेत का? दूध कच्चं पितात का? कंबर, सांधे, वृषण दुखतं का? आणि आतापर्यंत कोणकोणती औषधं झाली? औषधानेही ताप येतो.

चिकोडीचा भाचा
सात शेळ्या, एक म्हैस. धार काढताना एक पेला धारोष्ण दूध रोजचंच. कंबर दुखते, पण ती ऊसतोडीने म्हणतात. दिवाळीनंतर एक शेळी गाभडली होती खरी, जार मामांनीच उचलून पुरली.

लॅबवाला, खानापूर
मग कल्चर पाठवताना चिठ्ठीवर 'ब्रुसेलाचा संशय' असं ठळक लिहायला सांगा. यंत्रात बहुतेक वेळा आठवड्याभरात वाढतो, पण हळू असतो. संशय माहीत नसेल तर पाचव्या दिवशी 'वाढ नाही' म्हणून बाटली बाहेर जाते. शिवाय हा जंतू उघड्या टेबलावर हाताळताना लॅबच्या माणसालाच लागतो, म्हणून आम्हाला आधी कळायला पाहिजे. आणि त्या एका विडालवर भरवसा ठेवू नका. इथे जुन्या तापामुळे, लशीमुळे कितीतरी निरोगी माणसांत ती पॉझिटिव्ह येते.

पुण्यातला बेळगावकर
इतकं खोदत बसण्यापेक्षा सरळ पेट स्कॅन करा ना. गाठ, टीबी, कॅन्सर, सगळं एकदम दिसतं. बाबांच्या वेळी महिनाभर ही टेस्ट ती टेस्ट चालली. शेवटी पेटमध्ये पोटातली गाठ उजळली, तिचा तुकडा काढला तर लिम्फोमा, म्हणजे लसिकागाठींचा कॅन्सर. आधीच केला असता तर?

फिजिशियन, बेळगाव
पेट कुठे आहे ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. टीबीची गाठ उजळते, लिम्फोमाचीही उजळते. तुमच्या बाबांचंही निदान तुकड्यानेच झालं.

माझा क्रम असा. रुग्ण स्थिर असेल तर अँटिबायोटिक थांबवायची, तापाचा तक्ता ठेवायचा. मग गळा, काख, जांघ, प्लीहा, हृदयाचा आवाज, दात, मणका हे पुन्हा पुन्हा बघायचं, कारण पहिल्या आठवड्यात नसलेली गाठ तिसऱ्यात हाताला लागते. रक्ताची साधी तपासणी, अंगातली सूज दाखवणारा ईएसआर, लिव्हर, लघवी, एचआयव्ही, पोटाची सोनोग्राफी आणि वेगवेगळ्या जागांवरून तीन ब्लड कल्चर, ही पहिली फेरी. त्यात जो धागा सापडेल तो धरायचा. गाठ लागली तर ती अख्खी काढून तपासायची, कारण नुसत्या सुईने लिम्फोमा निसटतो. फेरिटिन हजारोंच्या घरात, सांधे सुजलेले आणि तापासोबत येऊन जाणारं पुरळ असेल तर विचार संधिवाताच्या आजारांकडे न्यायचा. धागाच नसेल तर सीटी किंवा पेट, मग गरजेप्रमाणे बोन मॅरो. मामांच्या बाबतीत धागा आहे, गोठ्यातला.

पुण्यातला बेळगावकर
धागा नसलेल्यांसाठी तरी पेट दुसऱ्याच आठवड्यात व्हावा असं माझं मत आहे. फुटकळ तपासण्यांचा खर्च तेवढाच होतो.

फिजिशियन, बेळगाव
ईएसआर खूप चढलेला आणि हाताला काहीच लागत नाही, अशा रुग्णात मीही लवकर करतो. सगळ्यांना नाही.

मुक्ताई, अनगोळ
डॉक्टर, आधी तपासणी मग औषध हा नियम प्रत्येक वेळी लावू नका. माझ्या मावशीला 70 व्या वर्षी ताप, कानशिलात ठणका, भाकरी चावताना जबडा भरून यायचा. ईएसआर शंभरच्या वर. डॉक्टरांनी तुकडा काढायची वाट न बघता त्याच दिवशी स्टिरॉइड दिलं, म्हणून डोळे वाचले.

फिजिशियन, बेळगाव
अगदी बरोबर केलं त्यांनी. कानशिलाच्या रक्तवाहिनीच्या सुजेत दृष्टी गेली तर परत येत नाही, आणि तुकडा पुढचे काही दिवस तरी काढता येतो. मेंदूच्या टीबीची चिन्हं असतील किंवा रुग्ण खालावत असेल तरी थांबायचं नसतं, नमुने घेऊन लगेच औषध सुरू करायचं. पण कारण माहीत नसताना स्टिरॉइड दिलं की लिम्फोमा तात्पुरता विरघळतो आणि तुकड्यात काही सापडत नाही.

निपाणीकर
ते ठीक. पण रिपोर्ट येईपर्यंत माणसाने तापात किती दिवस तडफडायचं? आणि तपासूनही काही नाही निघालं तर?

फिजिशियन, बेळगाव
पॅरासिटामॉल घ्यावं, त्याने निदान बिघडत नाही. आणि हो, काहींचं कारण शेवटपर्यंत सापडत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांचा ताप आपोआप जातो, म्हणून तब्येत टिकून असेल तर लक्ष ठेवून थांबणं हाही उपचारच आहे. तुमच्या भावाला टीबी असेलही, मी नाही म्हणत नाही. पण नमुना घेतला होता का?

निपाणीकर
नाही घेतला. पण तो आज धडधाकट आहे, मला तेवढं पुरे.

चिकोडीचा भाचा
आज रक्त दिलं, चिठ्ठीवर लिहूनच. डॉक्टरही कोर्स सुरू करायला चार दिवस थांबायला तयार झाले. दूध उकळायला सांगितलंय, मामा कुरकुरतात.

फिजिशियन, बेळगाव
पशुवैद्यांना बोलावून शेळ्यांचं आणि म्हशीचं रक्त तपासून घ्या. घरात अजून कुणाला ताप, सांधेदुखी?

चिकोडीचा भाचा
मामींचे गुडघे दोन महिन्यांपासून दुखतात. वयामुळे असेल समजत होतो.

फिजिशियन, बेळगाव
वयामुळेही असेल. त्यांचंही रक्त त्याच टेस्टसाठी द्या.