टूर्नामेंटमधला ‘किंग’: विजेता, राजा की दादा?

बोरू: ग्राफ थिअरीच्या एका प्रकरणाचं मराठीकरण चाललंय. टूर्नामेंट म्हणजे प्रत्येक दोन शिरोबिंदूंमध्ये एक आणि एकच बाण, म्हणून मी ‘साखळी-आलेख’ लिहिलं, कारण साखळी सामन्यांतही प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. ‘किंग’, म्हणजे जो बाकी प्रत्येकापर्यंत एका किंवा दोन बाणांत पोचतो, त्याला ‘विजेता’ केलं. तपासणाऱ्यांनी दोन्ही शब्द खोडले. सुचवा काहीतरी.

मैदानी: बाद फेरीला साखळी कसं म्हणणार? विम्बल्डन ही टूर्नामेंटच आहे की.

बोरू: इथे बाद कोणीच होत नाही हो.

तिरपी रेघ: ‘विजेता’ खोडला ते योग्यच झालं. पाच संघ घ्या, बाण जिंकलेल्याकडून हरलेल्याकडे. अ ने ब, क, ड यांना हरवलं. ब ने क, ड, इ यांना. क ने ड आणि इ यांना. ड ने फक्त इ ला. आणि इ ने फक्त अ ला. इ चा एकच विजय आहे, तरी तो किंग आहे. अ ला तो थेट हरवतो आणि बाकी तिघांना अ ने हरवलंय, म्हणजे दोन पावलांत सगळे त्याच्या टप्प्यात येतात. क चे विजय दोन, पण तो किंग नाही. त्याने ड आणि इ ला हरवलं, पण त्या दोघांपैकी कोणीच ब ला हरवलेलं नाही. अशा इ ला ‘विजेता’ म्हटलं तर वाचक पुस्तक मिटेल.

शुद्धमती: मग ‘अधिराज’ घ्या. किंग तर एकच असणार, ज्याचे विजय सर्वाधिक.

तिरपी रेघ: निम्मं बरोबर. सर्वाधिक विजयवाला किंग असतोच. समजा तो व आहे आणि क्ष त्याच्या दोन पावलांत येत नाही. म्हणजे क्ष ने व ला हरवलंय, आणि व ने ज्यांना हरवलं त्या सगळ्यांनाही. मग क्ष चे विजय व पेक्षा निदान एकाने जास्त झाले, आणि हे तर शक्य नाही. पण उलट बाजू खरी नाही. वर अ, ब आणि इ हे तिघेही किंग आहेत. सगळ्यांना हरवणारा कोणी असला तर किंग तो एकटाच. नसला तर कमीत कमी तीन. नेमके दोन कधीच होत नाहीत. एका सिंहासनावर तिघे अधिराज बसवाल का?

गावठी_कोशकार: म्हणून म्हणतो, ‘दादा’! थेट नाही तर आपल्या माणसाकरवी दम भरणारा. एका गल्लीत तीन दादा असू शकतात.

शुद्धमती: पाठ्यपुस्तकात दादा?

तिरपी रेघ: लँडाऊने 1953 मध्ये हे मांडलं ते कोंबड्यांच्या चोचाचोचीच्या संदर्भात. मूळचंच इतकं सोवळं नाही.

मैदानी: आमच्या शाळेच्या कबड्डीत गुणतक्ता लावतो तसा लावला की वरून खाली सगळ्यांची रांग लागते. तोच तो हॅमिल्टनचा मार्ग ना?

तिरपी रेघ: नाही. त्या मार्गात प्रत्येक संघ एकदाच येतो आणि प्रत्येकाने आपल्या लगेच मागच्याला हरवलेलं असतं. या तक्त्यात ड आणि इ दोघांचा एकेक विजय आहे. गुणफरकावर इ ला वर चढवलंत तर रांग अ, ब, क, इ, ड होते, आणि इ ने ड ला हरवलेलंच नाही. रांग लावायची पद्धत वेगळी. नव्या संघाला पुढून मागे नेत जा, आणि तो ज्याला हरवतो असा पहिला संघ दिसला की त्याच्या पुढे उभा करा. नव्याच्या लगेच पुढे जो येतो त्याने नव्याला हरवलेलंच असतं, म्हणून सांधा जुळतो. कोणालाच हरवत नसेल तर शेवटी. अ, ब, क, ड, इ या क्रमाने घातलंत तर इ थेट सर्वांच्या पुढे जातो: इ, अ, ब, क, ड. सुरुवात ड आणि इ पासून करून मग अ, ब, क घातलेत तर अ, ब, क, ड, इ. तोच इ एकदा पहिला, एकदा शेवटचा! या रांगेला क्रमवारी समजू नका.

मैदानी: आणि सामना बरोबरीत सुटला तर?

तिरपी रेघ: मग बाण नाही आणि हमीही नाही. दोनच संघ असून बरोबरी झाली तर रांगच लागत नाही. रेडेईने 1934 मध्ये याहून पुढचं सिद्ध केलं: अशा रांगांची संख्या नेहमी विषम असते. बरोबरी आली की तेही गेलं.

बोरू: रांग! ‘मार्ग’ऐवजी ‘हॅमिल्टन-रांग’ कसं वाटतं?

शुद्धमती: रांग रेशनला असते. ‘पथ’ लिहा.

गावठी_कोशकार: पथ लिहिलात तर वर्गात पोरं पथनाट्य म्हणतील. आणि साखळीचं काय ठरलं? साखळी म्हटलं की रांगच डोळ्यांपुढे येते, मग ‘साखळी-आलेखात रांग असतेच’ हे प्रमेय शब्दातच सांडतं.

बोरू: तपासणाऱ्यांचा आक्षेप नेमका तोच होता.

शुद्धमती: ‘स्पर्धालेख’?

गावठी_कोशकार: हे वृत्तपत्रातल्या सदरासारखं वाटतं.