सल्ला हवा: लीडचा खर्च ३०० वरून ४५० वर गेला, क्लायंटला महिन्याचा रिपोर्ट कसा लिहू?

गोदाकाठ
नाशिकमधल्या एका लहान एजन्सीत क्लायंटची खाती सांभाळते. त्यातले एक मॉड्युलर किचनवाले आहेत, स्वतःचा कारखाना आणि शोरूम. त्यांच्या मेटावरच्या जाहिराती आम्ही चालवतो. जाहिरातीवरून लोक त्यांच्या वेबसाइटच्या पानावर जातात आणि तिथे फॉर्म भरतात; भरलेला प्रत्येक फॉर्म म्हणजे एक लीड. सप्टेंबर २०२५ मध्ये दीड लाखात ५०० लीड आले, म्हणजे लीडमागे ३०० रुपये. ऑक्टोबरात तेवढ्याच पैशात ३३३ आले, म्हणजे ४५० रुपये. परवा रिपोर्टचा मेल जायचा आहे. माझा मसुदा असा:

> सणासुदीच्या काळातील वाढत्या स्पर्धेमुळे सीपीएममध्ये वाढ झाली असून त्याचा परिणाम सीपीएलवर दिसून येत आहे. आगामी महिन्यात क्रिएटिव्ह व ऑडियन्स ऑप्टिमाइझ करून कामगिरी सुधारण्याचा आमचा प्रयत्न राहील.

साहेब हिशेबाला पक्के आहेत. हे वाचून लगेच फोन येणार आणि मला उत्तर द्यावं लागणार. शिवाय एक नाजूक बाब आहे. ११ ऑक्टोबरला त्यांच्या पुतण्याने फॉर्मवर ओटीपी लावला. वेबसाइट तोच बघतो. बोगस नंबर फार येतात अशी सेल्सच्या मुलांची तक्रार होती, म्हणून साहेबांनीच तसं करायला सांगितलं होतं. हे मेलमध्ये लिहावं का? लिहायचं तर कसं?

रोखठोक_सातारा
ताई, दिवाळीत सगळ्यांचेच रेट वाढतात. कपडे, मोबाइल, गाड्या, दागिने सगळे एकाच वेळी बोली लावतात, मग किचनवाल्याला जागा महाग मिळणारच. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरचा आकडा शेजारी ठेवा, विषय संपला. ओटीपीचं नावही काढू नका. क्लायंटच्या घरच्या माणसाकडे बोट दाखवलं की खातं हातचं जातं.

आकडेमोड
दिवाळीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो किती रुपयांचा आहे हे आधी बघावं लागेल. गोदाकाठ, दोन्ही महिन्यांचा सीपीएम, म्हणजे हजार वेळा जाहिरात दाखवायचा खर्च, आणि क्लिकचं प्रमाण द्या.

आणि गेल्या ऑक्टोबरशी तुलना करू नका. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. गेल्या वर्षी महागडे दिवस ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत चालले होते, यंदा २१ तारखेलाच संपले. तुलना करायचीच असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आधीचे तीन आठवडे दोन्ही वर्षांचे घ्या.

गोदाकाठ
सप्टेंबरात सीपीएम १२०, ऑक्टोबरात १४४. शेवटच्या आठवड्यात तो पुन्हा १२५ च्या आसपास आला. क्लिकचं प्रमाण दोन्ही महिने शेकडा १.

आकडेमोड
मग हिशेब सरळ आहे. सीपीएम १.२ पट झाला आणि क्लिकचं प्रमाण तेच राहिलं, म्हणजे क्लिक १२ रुपयांवरून १४.४० ला गेला. नुसती दिवाळीच कारण असती तर लीड ३६० ला पडला असता. वाढ दीडशेची आहे. त्यातले ६० बाजाराचे. उरलेले ९० पानावर आल्यानंतर कुठेतरी गेले. सप्टेंबरात पानावर आलेल्या शंभरातले ४ जण फॉर्म पूर्ण करत होते, ऑक्टोबरात ३.२.

तुमच्या मसुद्यात फक्त ६० रुपयांचं कारण आहे. हिशेबी माणूस नेमका उरलेल्या ९० बद्दल विचारेल.

ठाण्याचा_दातवाला
मी क्लायंटच्या बाजूचा माणूस, माझं दातांचं क्लिनिक आहे. माझ्याकडेही असंच झालं होतं. एजन्सी म्हणे लीड ४०० ला पडला, माझ्या हिशेबाने ४७२. दोन महिने वाद चालला. शेवटी कळलं की मी क्रेडिट कार्डचं बिल बघत होतो, त्यात १८ टक्के जीएसटी होता. तुमच्याकडे तेच झालं असेल, तपासा.

गोदाकाठ
सर, आमचे दोन्ही आकडे जीएसटी सोडूनच आहेत, त्यामुळे वाढीचं कारण ते नाही. पण साहेबही कार्डाचंच बिल बघतात, तेव्हा मेलमध्ये ते नक्की लिहीन.

ठाण्याचा_दातवाला
आणखी एक सांगतो. मला बारा पानी पीडीएफ येते, मी ती उघडत नाही. दोन पेशंटच्या मध्ये मोबाइलवर मेलच्या पहिल्या तीन ओळी वाचतो. किती गेले, किती आले, काय करताय, एवढं तिथेच दिसलं तर मी फोन करत नाही.

सागवान
मी इंटिरियरची कामं घेतो. ओटीपीवर खापर फोडण्याआधी धंद्याकडे बघा. किचन ऑर्डर दिल्यापासून बसेपर्यंत महिना-दीड महिना जातो. दिवाळीच्या आत ज्यांना हवं असतं ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ऑर्डर देऊन मोकळे होतात. ऑक्टोबरात क्लिक करणारा नुसता बघणारा असतो. जाहिरातीत अजून "दिवाळीपूर्वी नवीन किचन" असंच चालू होतं का?

गोदाकाठ
नाही, ती ओळ आम्ही सप्टेंबर संपताच काढली. पण तुमचा मुद्दा खरा असू शकतो. लोकांचा इरादा थंडावला की ओटीपी आडवा आला, हे ओळखायचं कसं?

आकडेमोड
दोन खुणा बघा. हंगाम उतरतो तेव्हा आकडा हळूहळू घसरतो. ओटीपीमुळे झालं असेल तर ११ तारखेला एकदम पायरी दिसेल. दुसरी खूण GA4 मधली, म्हणजे वेबसाइटवर कोण काय करतं ते मोजणाऱ्या गुगलच्या साधनातली. तिथे `form_start` म्हणजे फॉर्मला हात लावणारे. नुसते बघे वाढले असतील तर हेच प्रमाण आधी पडेल. सुरू करणारे तेवढेच आणि पूर्ण करणारे कमी, असं असेल तर अडथळा फॉर्ममध्येच आहे.

आणि पुतण्याला विचारा, ओटीपी मागितला पण टाकला नाही अशांचे नंबर कुठे साठतात का.

गोदाकाठ
सगळं बघितलं. १० तारखेपर्यंत ३,३६० क्लिक, १३४ लीड, म्हणजे शेकडा ४. ११ पासून ७,०५७ क्लिक, १९९ लीड, म्हणजे शेकडा २.८. घसरण एका दिवसात झाली. फॉर्म सुरू करणारे मात्र आधीही शंभरात ७ होते, नंतरही ७.

पुतण्याच्या शीटमध्ये ९१ नंबर "पेंडिंग" म्हणून पडून आहेत. त्यांना कोणीच फोन केलेला नाही. आणि सेल्सच्या मुलांच्या नोंदीप्रमाणे सप्टेंबरातल्या ५०० पैकी ११० नंबर बोगस होते. ऑक्टोबरात ओटीपीआधीच्या १३४ मध्ये २९, ओटीपीनंतरच्या १९९ मध्ये फक्त ८.

आकडेमोड
तो शेवटचा आकडा मेलमध्ये गेलाच पाहिजे, कारण त्यात ओटीपीची दुसरी बाजू दिसते. खऱ्या नंबरामागचा खर्च काढा. सप्टेंबरात ३९० खरे नंबर, म्हणजे ३८५ रुपये. ऑक्टोबरात २९६ खरे, म्हणजे ५०७. दिवाळीची १.२ पट वाढ धरली तर ते ४६२ ला पडायला हवे होते. म्हणजे ओटीपीने लीडमागे ९० चं नुकसान केलं असं वाटतं, पण खऱ्या नंबरामागे ते साधारण ४५ चंच आहे. साहेबांचा निर्णय चुकीचा नव्हता. बोगस नंबर खरंच घटले, पण त्यासोबत काही खरी माणसंही गळाली.

त्या ९१ मध्ये किती खरी? ओटीपीनंतर नंबर टाकला अशी १९९ आणि ९१ मिळून २९० माणसं. पूर्वीच्या प्रमाणाने त्यातले ६३-६४ बोगस निघाले असते, आठ तर आत आलेच आहेत. म्हणजे ९१ मधले पंचावन्नच्या आसपास बोगस आणि पस्तीसेक खरे गिऱ्हाईक. हा अंदाज आहे, पण आजच फोन सुरू करा. किचन घेणारा माणूस तीन ठिकाणी कोटेशन मागतो आणि थांबत नाही.

ओटीपी उशिरा पोचत होता का, तेही एसएमएस देणाऱ्या कंपनीच्या डिलिव्हरी रिपोर्टवर कळेल. मजकूर डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीत, मंजूर केलेल्या टेम्प्लेटशी जुळला नाही तर एसएमएस वाटेतच अडतो.

पुतण्याबद्दल: मेलमध्ये माणूस नको, तारीख आणि बदल लिहा. ते लपवलंत आणि त्यांनी स्वतः तारीख जुळवली, तर तुमच्या पुढच्या कुठल्याही आकड्यावर विश्वास बसणार नाही.

गोदाकाठ
डिलिव्हरी रिपोर्ट आला. बहुतेक ओटीपी पोचलेत, पण संध्याकाळी सात ते दहात बऱ्याच जणांना मिनिटाहून जास्त उशीर झालाय. आमचे जास्त लीड त्याच वेळेत येतात. नवा मसुदा:

> नमस्कार साहेब,
>
> ऑक्टोबरात जाहिरातीवर १,५०,००० रुपये खर्च झाले आणि ३३३ लीड आले. लीडमागे ४५० रुपये पडले, सप्टेंबरात ३०० होते. (दोन्ही आकडे जीएसटी सोडून. कार्डाच्या बिलात १८ टक्के जास्त दिसतील.)
>
> वाढलेल्या १५० पैकी साधारण ६० रुपये दिवाळीत जाहिरातीची जागा महागल्यामुळे आहेत. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हा दर बराच खाली आला आहे.
>
> उरलेले ९० रुपये फॉर्म पूर्ण होण्याचं प्रमाण घटल्यामुळे आहेत. ११ ऑक्टोबरपासून फॉर्मवर ओटीपी आहे. त्याने बोगस नंबर खूप कमी झाले: आधी १३४ मध्ये २९ होते, नंतर १९९ मध्ये ८. पण ९१ जणांनी नंबर टाकूनही ओटीपी पूर्ण केला नाही. संध्याकाळी तो उशिरा पोचतो असं दिसतं. बोगस वगळून खऱ्या नंबरामागे खर्च ३८५ वरून ५०७ झाला आहे.
>
> आमचा प्रस्ताव असा. ९१ नंबरांची यादी सोबत आहे, शोरूममधून उद्यापासून फोन व्हावेत. पुढचे दोन आठवडे निम्म्या लोकांना ओटीपीचं पान दिसेल, निम्म्यांना बिनाओटीपीचं. कुठे खरा नंबर स्वस्त पडतो ते बघून ठरवू. त्या काळात जाहिरातींमध्ये दुसरा बदल करणार नाही.
>
> यासाठी दोन गोष्टी लागतील: दुसरं पान करण्यास आपली परवानगी, आणि प्रत्येक लीडसमोर सेल्सच्या मुलांची "खरा" किंवा "बोगस" अशी नोंद.

आकडेमोड
पाठवा. एकच राहिलं. निकालाची तारीख आणि कशाला यश म्हणायचं ते आधीच लिहा, नाहीतर दोन आठवड्यांनी दोघं वेगवेगळा आकडा धरून बसाल. आणि ३०० परत येईल असं कुठेही लिहू नका. ३०० मध्ये बोगस नंबरही मोजलेले होते.

पिक्सेल_पुणे
बिनाओटीपीच्या पानाला माझा विरोध आहे. मेटा ज्याला लीड समजतो तशीच माणसं आणखी शोधतो. बोगस फॉर्मही लीड म्हणून परत पाठवलेत तर आज खर्च कमी दिसेल आणि महिन्याभरात कचरा वाढेल. ओटीपी ठेवा, एसएमएसऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

आकडेमोड
धोका खरा आहे. पण फक्त ओटीपीवालेच लीड पाठवले तर एका अ‍ॅडसेटला, म्हणजे जाहिरातींच्या एका गटाला, आठवड्याला ५० च्या आसपास लीड मिळणंही अवघड होईल. तेवढे नसले की मेटाचं लर्निंग, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवायची ते शिकणं, पूर्ण होत नाही. किती अ‍ॅडसेट आहेत?

गोदाकाठ
तीन.

पिक्सेल_पुणे
मग आधी तिन्हींचा एक करा, ओटीपीचं नंतर बघा.

आकडेमोड
चाचणीच्या मध्ये नको. एकत्र केलं की लर्निंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल आणि खर्च कशामुळे हलला ते कळणार नाही. आधी चाचणी, मग अ‍ॅडसेट.

रोखठोक_सातारा
मी अजूनही म्हणेन, मेल पाठवण्याआधी साहेबांना फोन करा. पुतण्याने ते आधी वाचलं तर घरात वेगळीच चर्चा होईल.

ठाण्याचा_दातवाला
मला उलट वाटतं. फोनवर आकडे ऐकले की मी अर्धे विसरतो आणि चिडतो. मेल आधी, फोन तासाभराने.

गोदाकाठ
पुतण्याला फोन करून हे सगळे आकडे सांगितले, कारण शीट त्याचीच होती. दुसरं पान तो उद्या दुपारपर्यंत देतो म्हणाला. व्हॉट्सअ‍ॅप ओटीपीला दर किती पडतो, कोणी वापरलंय का?